ढगळ कुर्ता आणि तलावपाळीचं रेलिंग

ठाण्याच्या तलावपाळीवर मावसबहिणीचे फोटो काढले. कुर्ता कमरेपाशी फारच ढगळ होता. फोटोशॉपच्या लिक्विफायमध्ये कापड आत ढकललं, तर मागचं रेलिंगही तिच्या कमरेकडे वाकलं. मग रेलिंग फ्रीझ मास्कने झाकलं, पण कडेलगतचा भागच गोठल्यामुळे कुर्त्याची कड हलेना, आतलं कापड मात्र ताणलं गेलं.

शेवटी थर वेगळे केले. तिचं सिलेक्शन करून Ctrl+J ने वरच्या थरावर घेतलं. खालच्या थरावर कुर्त्याच्या कडेमागे रेलिंग पुढे वाढवलं: सरळ दिसणारा तुकडा कॉपी करून दांडीच्या रेषेत सरकवला. जितकं कापड आत जाणार, त्याहून थोडं जास्तच वाढवायचं, नाहीतर जुनी कड मागून डोकावते.

मग फक्त वरच्या थरावर लिक्विफाय. फॉरवर्ड वॉर्पचा ब्रश मोठा, प्रेशर २० च्या आसपास. लहान ब्रशने कड लाटांसारखी होते. कोपर आणि हात तेवढे फ्रीझ केले. कुर्त्यावरची बुट्टी चपटी दिसू लागली तिथे थांबले. माझ्या मते तीच खरी मर्यादा. रेलिंगवर गाइड ओढून पाहिली, दांडी सरळच होती.