चामड्याचं पाकीट भेट देताय? काडी ओढण्याआधी या चुका टाळा

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस आणि लग्नसराई, या दोन हंगामांत इंदूरच्या रामबागेतल्या माझ्या टेबलावर एकच प्रश्न येतो. "काका, ओरिजनल आहे ना?" पाकीट विकत घेऊन झालेलं असतं, त्यावर जावयाचं नाव सोनेरी अक्षरांत छापूनही झालेलं असतं. आता मी फक्त हो म्हणायचं, एवढीच अपेक्षा. मी बॅगा दुरुस्त करतो, पट्टे शिवतो, चेन बदलतो. नाही म्हणायचे पैसे मला कोणी देत नाही, म्हणून इथे लिहून टाकतो.

काडी लावून पारख करणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. आतल्या कोपऱ्याला लायटर लावायचा, जळक्या केसांसारखा वास आला की अस्सल, प्लास्टिकचा आला की नकली. हे ज्ञान आता मोबाइलवर सगळ्यांना मिळालंय आणि दुकानदारांना तर ते तुमच्याही आधी मिळालंय.

मी स्वतः यात फसलोय. भाचीचं लग्न होतं. मामाकडून वराकडच्या पुरुषमंडळींना आहेरात पाकिटं द्यायची ठरली, एकूण अकरा. राजवाड्याजवळच्या एका घाऊक दुकानात गेलो. मालकाने मी न विचारताच लायटर काढला, एक कोपरा जाळला आणि माझ्या नाकाखाली धरला. "भिया, सूंघ लो." केस जळल्याचा स्वच्छ वास. मी तेव्हा धंद्यात नवा होतो, आणि ज्याला थोडं कळतं त्याला फसवणं सगळ्यात सोपं असतं. पाकिटं घेतली. नऊ वाटली, दोन कपाटात राहिली.

दोन पावसाळे गेले आणि ताईचा फोन आला. जावईबापूंच्या पँटच्या खिशातून काळा कोंडा पडतो म्हणे. कपाटातली दोन काढून बघितली. ती तर प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही आली नव्हती, एकदाही वापरली नव्हती, तरी घडीवरचा थर खपलीसारखा सुटत होता. त्यातलं एक मी रापीने आडवं कापलं. वर पातळ काळी पापुद्र्यासारखी फिल्म, तिच्याखाली तपकिरी पुठ्ठ्यासारखा थर, आणि सगळ्यात खाली विणलेलं कापड. पुठ्ठ्याचा थर नखाने उकरला तर भुसा निघाला.

याला बॉण्डेड लेदर म्हणतात. चामड्याच्या कारखान्यातली कात्रणं आणि भुगा दळून, चिकट रसायनात कालवून त्याचा ताव करतात. त्यावर पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा थर देतात आणि त्यावर कातडीच्या रेघा दाबून उमटवतात. चामडं म्हणजे कोलॅजेन, हे एक प्रोटीन आहे, केसही प्रोटीनच. म्हणून दोन्ही जळताना वास तसाच येतो. भुगा खरा होता, वासही खरा होता. खोटं होतं ते फक्त पाकीट.

उलटंही होतं. चांगल्या अस्सल चामड्यावर रंग टिकावा म्हणून वरून रसायनाचा थर दिलेला असतो. लायटर लावला की आधी तो वितळतो, वास प्लास्टिकचा येतो आणि गिऱ्हाईक चांगली वस्तू टाकून पुढे जातं. म्हणजे ही परीक्षा दोन्ही बाजूंनी खोटी पडू शकते. शिवाय भेट द्यायची वस्तू जाळून बघायची ही कल्पनाच मला कळत नाही. साडी घेताना पदर पेटवता का?

आणि हो, ती दोन पाकिटं न वापरताच का सोलली? हवेतली दमट वाफ पीयूच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडते. वापरा की नका वापरू, ते होतच राहतं. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडली गेली तर आणखी बिघडतं. एकदा सोलायला लागलं की इलाज नाही. फेविक्विक नाही, काळं पॉलिश नाही, मी पण नाही. दर पावसाळ्यानंतर पाच-सहा जण तरी येतात आणि "फक्त एवढंच चिकटवून द्या" म्हणतात. एवढंच चिकटवलं तर शेजारचं सुटतं.

मग बघायचं काय? कापलेली कड. माझी सवय सांगतो. पाकीट हातात आलं की मी बाहेरून बघतच नाही. आधी कार्डाच्या कप्प्याची वरची कड बघतो, मग नोटांच्या कप्प्यात मोबाइलचा टॉर्च मारून खालचा कोपरा. बॅग असेल तर पट्ट्याला बक्कलसाठी पाडलेलं भोक. ते भोक म्हणजे बॅगेची उघडी खिडकी, तिथे कोणी सहसा रंग भरत नाही. कॅमेरा झूम करून बघितलं की तीनपैकी एक गोष्ट दिसते. धाग्यांची जाळी दिसली तर कापडावर चढवलेलं पीयू किंवा रेक्झीन. एकसारखा, दाबलेल्या पुठ्ठ्यासारखा थर दिसला तर बॉण्डेड. आणि गुंतलेल्या तंतूंची लव दिसली, जी वर जाता जाता दाट होत पृष्ठभागात मिसळून जाते, तर ते चामडं. तंतू आहेत पण वर स्पष्ट रेघ मारल्यासारखी वेगळी फिल्म बसलीय, असं दिसलं तर चामड्याचा खालचा थर घेऊन वर प्लास्टिक चढवलंय. याला स्प्लिट म्हणतात. ते खोटं नाही, पण त्याला अस्सलचा भाव देऊ नका.

एकही कड दिसत नाही, सगळ्या मुडपलेल्या आणि अस्तराने झाकलेल्या? मग अंगठ्याने दाबा. चामड्यावर अंगठ्याभोवती बारीक सुरकुत्या पसरतात आणि सोडल्यावर विरतात. प्लास्टिकला नुसता खड्डा पडतो. बॉण्डेड इथेही कधीकधी चकवतं, म्हणून मी कड दाखवणाऱ्या दुकानातूनच घेतो. नजर तयार करायची असेल तर इंदूरची चामड्याची खेळणी बघा, ते घोडे आणि हत्ती, ज्यांना जीआय टॅग आहे. पायाच्या वळणावर कातडं कसं चुण्या घेतं, दोन घोड्यांच्या रेघा कशा कधीच जुळत नाहीत, ते एकदा डोळ्यांत बसलं की छापील रेघा लगेच ओळखू येतात. छापील नक्षी ठरावीक अंतरावर पुन्हा तशीच येते.

बारीक टाके म्हणजे मजबूत शिवण, हा समज

कपड्यात असेल. चामड्यात प्रत्येक टाका म्हणजे एक भोक, आणि ते भोक पुन्हा भरून येत नाही. टाके जास्त दाट झाले की पोस्टाच्या तिकिटासारखी फाडायची रेघ तयार होते.

मागच्या वर्षी इंजिनिअरिंगचा एक मुलगा आला. आईच्या वाढदिवसाला स्वतः शिवलेली स्लिंग बॅग, शिवण दिसायला सुरेख, इंचाला बारा टाके. व्हिडिओ बघून आठवड्यात शिकलो म्हणाला. महिन्याभरात पट्टा मुळाशी फाटला. धागा एकही तुटला नव्हता; चामडंच भोकांच्या रेघेवर उकललं होतं. त्याला वाटलं ग्लू लावून अर्ध्या तासात होईल. मी म्हटलं, बस. पट्ट्याचं फाटलेलं टोक कापून टाकलं, मागून चामड्याचा एक तुकडा जोड दिला, काठापासून चार मिलीमीटर आत नवी रेघ आखली आणि आरीने इंचाला सहा भोकं पाडून दोन सुयांनी मेणाच्या धाग्याने शिवायला लावलं, त्यालाच. दोन संध्याकाळी गेल्या. पहिल्या संध्याकाळी त्याने सात वेळा घड्याळ बघितलं.

पाकिटाला इंचाला आठ ते दहा टाके ठीक, बॅगेला सहा ते आठ. मोजपट्टी नसेल तर दहाचं नाणं शिवणीवर ठेवा. त्याचा व्यास 27 मिलीमीटर, म्हणजे इंचाहून किंचित जास्त. त्याच्याखाली टाके मोजा. मग शिवणीची उलटी बाजू बघा, कारण सुलटी बाजू सगळेच नीट करतात. मागे वरच्या धाग्याचे फासे दिसत असतील किंवा खालचा धागा सुतळीसारखा सरळ पडला असेल आणि नखाने सरकत असेल, तर मशीनचा ताण चुकलाय. दोन्ही धागे चामड्याच्या पोटात अडकायला हवेत. शेवटच्या ठिकाणी तीन-चार टाके परत मागे घेतलेत का बघा. नुसता धागा कापून सोडला असेल तर पट्टा तिथूनच उसवणार. पट्टा शिवलाय त्या जागी दोन्ही बाजू हातांनी ताणून बघा. फटीत शिडीसारखे धागे दिसले तर ठेवून द्या. दुकानदार नाराज होईल, होऊ दे.

बाकीच्या, थोडक्यात

वासावर जाऊ नका. चामड्याचा वास बाटलीत मिळतो.

पाण्याचा थेंब टाकून बघू नका. वर फिनिश असलेलं अस्सल चामडंही पाणी लगेच शोषत नाही, आणि फिनिश नसलेल्यावर डाग राहतो. मग तो डाग भेटीत जातो.

"जेन्युइन लेदर" असा शिक्का आणि कातडीच्या आकाराचं लटकन, दोन्ही सुटी मिळतात. शिक्का खरा असला तरी चामडं कुठल्या थराचं, हे तो सांगत नाही.

काठाला रंग लावलेला असेल तर काठ एकदा वाकवा. नेलपॉलिशसारखा तडकला तर पुढे सोलणार.

ज्याला द्यायचं त्याला चामडं चालतं का, हे आधी विचारा. आपल्या शहरात जैन घरं कमी नाहीत. मी एकदा न विचारता बेल्ट दिला होता. तो माणूस चांगला म्हणून हसून घेतला, पण कंबरेवर कधी दिसला नाही. अशा वेळी सरळ चांगल्या कॅनव्हासचं पाकीट घ्या, पीयूला चामडं म्हणून देऊ नका.

खोबरेल तेल लावू नका. चामडं काळवंडतं, आणि पावसाळ्यात बुरशी धरायची भीती असते. रंगहीन क्रीम, तेही अगदी थोडं. ठेवायचं तर जुन्या सुती धोतराच्या तुकड्यात.

आणि पाकीट घेताना खिशातली जुनी शंभरची नोट त्यात घालून बघा. पन्नासपासून वरच्या नवीन नोटा 66 मिलीमीटर रुंद आहेत, जुनी शंभरची 73. परदेशातून आणलेल्या बऱ्याच पाकिटांत ती वर डोकावते. भाऊजींनी अमेरिकेतून आणलेलं माझं पाकीट असंच आहे. चामडं उत्तम, शिवण उत्तम, आणि शंभराची नोट घडी घालून ठेवावी लागते.