फोटो, लग्न, धर्म विचारला तर काय लिहायचं?

माझ्या भाचीने अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी अर्ज केला. लगेच कन्सल्टन्सीचा व्हॉट्सॲप मेसेज आला: ‘फोटो, विवाहित की अविवाहित, धर्म पाठवा.’ तिने नकार कळवला, पण ‘नाही’ हा शब्द न वापरता:

‘नमस्कार सर, अद्ययावत बायोडाटा जोडला आहे. व्हर्निअर, मायक्रोमीटरवर दोन वर्षं काम केलंय, तिन्ही शिफ्टला तयारी आहे. फोटो आणि वैयक्तिक माहिती निवड झाल्यावर जॉइनिंगच्या कागदपत्रांसोबत देईन. मुलाखत कधी ठेवता येईल?’

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण त्यामुळे बोलणं पुन्हा कामावर येतं. ‘जॉइनिंगला देईन’ ही सबबही नाही. पीएफच्या फॉर्म ११ मध्ये वैवाहिक स्थिती खरोखरच भरावी लागते, पण तो फॉर्म नोकरी लागल्यावरचा.

पुष्कळदा लग्नाच्या प्रश्नामागे ‘रात्रपाळी जमेल का, मुलगी टिकेल का’ एवढीच शंका असते. म्हणून शिफ्टचं उत्तर आधीच देऊन टाकावं. धर्माच्या प्रश्नाला मात्र असं कामाचं कारण मला तरी दिसत नाही. तिथे खुलासा देत बसू नये.

ऑनलाइन फॉर्ममध्ये रकाना सक्तीचा असेल तर खोटं भरू नका, ‘निवडीनंतर देईन’ असं लिहा. सरकारी भरतीत हे चालत नाही. तिथे फोटो प्रवेशपत्रासाठी आणि प्रवर्ग आरक्षणासाठी लागतो, तो भरावाच.

दोनदा सांगूनही फोटोचाच हट्ट राहिला, तर त्या कारखान्याच्या एचआरला थेट मेल करा.