दोन सहकाऱ्यांचं भांडण: समेट करायचा की चौकशी लावायची?

कारखान्यात दोघांचं बिनसलं की सल्ला ठरलेला: ‘दोघांना बसवा, चहा पाजा, मिटवून टाका.’ सांगली-साताऱ्याकडे तो जरा जास्तच जोरात येतो. भांडणारे दोघं पुष्कळदा भावकीतले किंवा पाहुण्यांतले निघतात आणि गावातली तंटा मिटवायची रीत शॉपफ्लोअरवर येते. कामातल्या कुरबुरीला ती रीत चालते. चोरी, मारहाण, खोटी नोंद असल्या आरोपांना ती लावली की वाट लागते.

तक्रार लेखी घ्या, तारीख-वेळेसह. त्याच दिवशी सीसीटीव्हीचं चित्रण काढून ठेवा, ते काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. मूळ रजिस्टर आणि स्लिपा कपाटात कुलूपबंद करा.

आता खरी अवघड पायरी: तक्रार फोडायची. एका अर्जात चार गोष्टी एकत्र आलेल्या असतात आणि आपण अख्ख्या अर्जाचा एकच निकाल लावायला जातो. तसं करू नका. प्रत्येक मुद्दा वेगळा लिहा आणि त्याला एकच प्रश्न विचारा: हे खरं निघालं तर कुणावर कारवाई करावी लागेल का? उत्तर ‘हो’ असेल आणि समोरचा ते नाकारत असेल, तर तो मुद्दा चौकशीचा. जे घडलं ते दोघांनाही मान्य आहे, फक्त दोष कुणाचा यावर वाद आहे, तो मुद्दा समेटाचा.

कुपवाड एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपचं प्रकरण घ्या. सुपरवायझरचा अर्ज होता: स्टोअरकीपर माल मुद्दाम उशिरा देतो, सगळ्यांसमोर ओरडतो आणि माझ्या सहीच्या स्लिपवर खाडाखोड करतो. मालक म्हणाले, ‘बसवून मिटवा.’ मी नको म्हटलं, कारण तिसरा मुद्दा वेगळ्या जातीचा होता. कार्बाइड इन्सर्टच्या मागणी स्लिपवर 20 चे 26 झाले होते. शून्याला वर शेपूट काढलेली, शाईही वेगळी. सुपरवायझरकडच्या कार्बन कॉपीवर स्वच्छ 20 होते. सहा महागडे इन्सर्ट गेले कुठे, हे चहाच्या कपावर ठरत नाही. त्यातून स्टोअरकीपर निर्दोष असला तर ‘मिटवलं’ म्हटल्यानं त्याच्यावरचा चोरीचा संशय कायमचा राहतो.

म्हणून तेवढ्याच मुद्द्याची चौकशी लावली. लेखी आरोप, उत्तराला वेळ, साक्षीदाराला उलट प्रश्न विचारायची मुभा. यातलं काहीही गाळू नका. निघालं असं, की दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरनं तोंडी सहा इन्सर्ट मागून नेले होते आणि स्टोअरकीपरनं नवी स्लिप न करता जुन्याच स्लिपवर आकडा वाढवला होता. ऑपरेटरनं ते कबूल केलं, वापरलेले इन्सर्टही डब्यात सापडले. म्हणजे चोरी नव्हती, नोंदीत फेरफार होता. स्टोअरकीपरला लेखी ताकीद मिळाली.

मग उरलेले दोन मुद्दे समेटाला घेतले. हा क्रम उलटा करू नका. आधी समेटाला बसवलं तर दोघांना एकमेकांचं म्हणणं कळतं, साक्षीदारांचे कान भरले जातात आणि नंतरच्या चौकशीत सगळे पाठ केल्यासारखं बोलतात.

इथे माझं मत ठाम आहे: समेट करणारा आणि चौकशी करणारा माणूस एकच असू नये. एके ठिकाणी मी पाहिलंय, भांडण एकदाचं संपावं म्हणून समेटाच्या बैठकीत एकानं ‘हो, चुकलंच माझं’ म्हटलं आणि तेच वाक्य पुढं आरोपपत्रात आलं. त्यानंतर तिथं समेटाला बसून कुणी तोंड उघडेना. बैठकीतलं बोलणं चौकशीत वापरणार नाही, हे आधी लिहून द्या आणि पाळा. समेट करणारा दोघांपैकी कुणाचा पाहुणा नको, वरिष्ठही नको. एक साहेब आणि दुसरा त्याच्या हाताखालचा असेल तर समेटाचा आग्रहच धरू नका. हाताखालचा माणूस नोकरीच्या भीतीनं ‘चालेल’ म्हणतो.

बाईनं लैंगिक छळाची तक्रार केली असेल तर ही निवड तुमच्या हातात नाही. 2013 च्या कायद्यानं ती अंतर्गत समितीकडे जाते. दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. समेट चौकशीआधी आणि तिनं स्वतः मागितला तरच, आणि पैसे देऊन तडजोड करता येत नाही. चौकशी 90 दिवसांत संपवायची असते. ‘घरातलंच आहे, ताई’ म्हणत तिला समजवायला कुणी बसू नये.

कुपवाडचा समेट एका बैठकीत झाला. दोघांनी मिळून लिहिलं: रोजची मागणी सकाळी अकरापर्यंत द्यायची, तातडीची असेल तर वेगळ्या रंगाच्या स्लिपवर, आणि तोंडी मागणीवर माल द्यायचा नाही. ओरडण्याबद्दल दोघांनी एकेक वाक्य लिहिलं, ते मी वाचून दाखवलं नाही. खाली सह्या घेतल्या आणि महिन्याभरानं पुन्हा बसायची तारीख त्याच कागदावर टाकली.