`1011` ने संपणाऱ्या स्ट्रिंगसाठी डीएफए कसा काढावा

पुण्यात कॉम्प्युटर किंवा आयटीला असाल, तर टीओसीच्या, म्हणजे थिअरी ऑफ कम्प्युटेशनच्या पेपरात हा प्रश्न कोणत्या ना कोणत्या रूपात येणारच: शून्य आणि एक यांच्या ज्या स्ट्रिंग अमुक पॅटर्नने संपतात, तेवढ्याच स्वीकारणारा डीएफए, म्हणजे स्टेट आणि बाणांचं मशीन, काढा. बहुतेकजण पेन उचलून थेट वर्तुळं काढायला लागतात आणि तिसऱ्या वर्तुळाशी अडकतात. वर्तुळं शेवटी काढा. आधी प्रत्येक स्टेट काय लक्षात ठेवणार, ते लिहून घ्या.

आपण `1011` हा पॅटर्न घेऊ. `01` किंवा `11` घेतला तर खरी गोम दिसतच नाही, उत्तर अंदाजाने बरोबर येऊन जातं.

मशीन स्ट्रिंग डावीकडून एकेक चिन्ह वाचतं आणि मागे वळून पाहू शकत नाही. स्ट्रिंग कुठे संपणार हेही त्याला आधी माहीत नसतं. त्यामुळे प्रत्येक क्षणी त्याला एकाच गोष्टीची नोंद ठेवावी लागते: आत्तापर्यंत वाचलेल्या स्ट्रिंगच्या शेपटाशी पॅटर्नचा सुरुवातीचा किती भाग जुळलाय? काहीच नाही, `1`, `10`, `101` किंवा पूर्ण `1011`, अशा पाचच शक्यता आहेत. म्हणून स्टेटही पाच, `q0` ते `q4`. पॅटर्न चार चिन्हांचा असेल तर स्टेट पाच, हा हिशोब अशा प्रत्येक प्रश्नात लागू पडतो. त्याहून कमी स्टेटमध्ये डीएफए होतच नाही. जास्त झाल्या तर कुठेतरी एकच गोष्ट दोनदा लिहिली गेलीय.

रफ पानावर प्रत्येक स्टेटखाली तिचा अर्थ लिहा: `q2` म्हणजे शेपूट `10`, `q3` म्हणजे शेपूट `101`. आता पुढे जाणारे बाण टाका. `q0` वरून `1` आला की `q1`, तिथून `0` ला `q2`, मग `1` ला `q3` आणि पुन्हा `1` ला `q4`. हे चार बाण कुणीही काढेल. मार्क जातात ते उरलेल्या सहा बाणांत.

नियम असा: स्टेटचं शेपूट घ्या, त्याला नवीन आलेलं चिन्ह जोडा आणि पाहा की या नव्या तुकड्याच्या शेवटी पॅटर्नची जास्तीत जास्त किती लांब सुरुवात सापडते. जेवढी सापडेल त्या स्टेटला बाण.

`q3` वर `0` आला असं समजा. `101` ला `0` जोडला की `1010`. हा पूर्ण तुकडा पॅटर्नची सुरुवात नाही. पहिलं चिन्ह सोडा, `010` उरतं. पॅटर्न `0` ने सुरू होत नाही, म्हणजे तेही नाही. आणखी एक सोडा, `10` उरतं, आणि पॅटर्नची सुरुवात `10` नेच होते. म्हणजे बाण `q2` ला, `q0` ला नाही. जुळणी मोडली तरी हातात आलेली दोन चिन्हं वाया जात नाहीत.

बाकीचे बाण भराभर होतात. `q0` वर `0` आला तर काहीच जुळत नाही, तिथेच लूप. `q1` वर `1` आला तर `11` च्या शेवटी `1` उरतो, म्हणून तिथेही लूप. `q2` वर `0` आला तर `100` मधून हाती काही लागत नाही, थेट `q0`. सगळ्यावर पाणी सोडावं लागतं अशी मागे जाणारी जागा या आकृतीत ही एकच.

`q4` जरा सावकाश करा, कारण पॅटर्न पूर्ण झाला की काम संपलं असं वाटतं. प्रश्न `1011` 'ने संपणाऱ्या' स्ट्रिंगचा आहे. `1011` पूर्ण झाल्यावरही स्ट्रिंग पुढे चालू राहू शकते. `0` आला तर `10110`, शेवटी `10`, म्हणून `q2`. `1` आला तर `10111`, शेवटी `1`, म्हणून `q1`. इथे `q4` वर `0,1` चा लूप टाकलात, तर ते मशीन `1011` 'कुठेही असलेल्या' स्ट्रिंगचं होतं. तो प्रश्नही पेपरात येतो, पण तो वेगळा. ओरलला परीक्षक हाच फरक हमखास विचारतात.

चित्राला हात लावण्याआधी टेबल लिहून टाका. बाण सुरुवातीची स्टेट दाखवतो, चांदणी स्वीकारणारी.

```
         0    1
→ q0     q0   q1
  q1     q2   q1
  q2     q0   q3
  q3     q2   q4
* q4     q2   q1
```

आता आकृती. पान आडवं धरा आणि पाच वर्तुळं एका ओळीत, मध्ये ऐसपैस जागा ठेवून काढा. अप्पा बळवंत चौकातून आणलेली वर्तुळांची पट्टी असेल तर उत्तम, नाहीतर रुपयाचं नाणं ठेवून गिरवा. पुढे जाणारे चार बाण सरळ रेषेत, `q0` आणि `q1` चे लूप वरच्या बाजूला आणि मागे येणारे बाण खालून कमानीसारखे. `q2` आणि `q3` मध्ये दोन्ही दिशांना बाण आहेत. त्यांची मिळून एकच दुटोकी रेघ काढू नका. वरून `1`, खालून `0`, अशा दोन वेगळ्या रेघा हव्यात, नाहीतर कुठलं लेबल कुणाचं ते कळत नाही.

`q0` ला डावीकडून एक मोकळा बाण द्या. तो कुठल्याही वर्तुळातून निघत नाही आणि त्याच्यावर लेबल नसतं. `q4` च्या आत दुसरं वर्तुळ काढा. स्वीकारणारी स्टेट ही एकच. मग प्रत्येक वर्तुळातून बाहेर पडणारे बाण मोजा: एक `0` चा, एक `1` चा, एकूण दहा. नऊ भरले तर तो डीएफए नाही. बहुतेक वेळा राहिलेला बाण `q4` चाच असतो.

तपासायला `1011` ही स्ट्रिंग चालवून बघण्यात फारसा अर्थ नाही, ती चुकीच्या आकृतीतही पास होते. `101011` घ्या: `q1`, `q2`, `q3`, `q2`, `q3`, `q4`, स्वीकारली. `q3` चा बाण `q0` ला नेला असेल तर ही नापास होईल. `1011011` मध्ये दोन `1011` एकमेकांवर चढलेत, मधला `1` दोघांचा आहे. `q4` वरचा `0` चुकला की इथे पकडला जातो. आणि `10110` नाकारली जायला हवी. ती स्वीकारली गेली तर `q4` वर चुकून लूप टाकला गेलाय.

लॅपटॉप हाताशी असेल तर हेच जेफ्लॅप या सॉफ्टवेअरमध्ये काढा. स्टेटवर राइट क्लिक करून `Initial` आणि `Final` निवडा. सुरुवातीच्या स्टेटला तिथे मोकळ्या बाणाऐवजी त्रिकोण दिसतो. मग `Input` मेनूतल्या `Multiple Run` मध्ये वरच्या तिन्ही स्ट्रिंग एकदम टाका. मात्र एखादा बाण राहून गेला तरी जेफ्लॅप तक्रार करत नाही, ते मशीनला एनएफए, म्हणजे बाण कमी असले तरी चालणारं मशीन, समजून चालवतं आणि स्ट्रिंग गुपचूप नाकारतं. तेव्हा तिथेही बाण मोजावे लागतातच.