हाडातल्या लिजनचा एक्स-रे वाचताना या चुका टाळा

फिल्म समोर आली की नवे रेसिडेंट काळ्या भोकाकडे बघतात आणि लगेच निदान सांगायला लागतात. नाव नंतर. लिजन किती वेगानं वाढतोय हे त्याची कड सांगते. सावकाश वाढणाऱ्या लिजनभोवती नवं हाड रचायला शरीराला वेळ मिळतो, म्हणून पांढरी किनार दिसते. वेगानं पसरणारा तेवढी उसंत देत नाही. मग कड विरत जाते आणि निरोगी हाड नेमकं कुठून सुरू झालं तेच कळत नाही. हाच रुंद झोन ऑफ ट्रान्झिशन.

सगळ्यात घातक चूक म्हणजे एकच कड बघून निकाल देणं. एका 15 वर्षांच्या मुलाचा गुडघा दीड महिना दुखत होता. क्रिकेट खेळताना लागलं म्हणून घरी मालिश चालू होतं. फीमरच्या खालच्या टोकाला भोक होतं, त्याची खालची कड अगदी रेखीव, आणि बाहेरच्या रिपोर्टात लिहिलं होतं ‘साधी सिस्ट’. मी सवयीनं फिल्मवर पेन्सिलीचं टोक कडेकडेनं फिरवलं. खाली सहज फिरलं. वरच्या बाजूला मात्र कुठे वळावं ते कळेना. तिथे दोनेक सेंटीमीटर नुसता धूसर पट्टा होता, आणि फिल्म त्याच्या जरा वर संपत होती. अख्ख्या मांडीचा एक्स-रे काढायला लावला. वरच्या टोकाला पेरिऑस्टियम हाडापासून उचललेलं होतं, कॉडमनचा त्रिकोण स्पष्ट दिसत होता. बायोप्सीत ऑस्टिओसार्कोमा निघाला. तेव्हापासून माझ्याकडे एकच नियम: सगळ्यात वाईट कड जे सांगेल ते खरं. आणि लिजन फिल्मच्या काठाशी असेल तर पूर्ण हाड दिसल्याशिवाय मी रिपोर्ट लिहीत नाही.

दुसरी चूक पाठांतराची. ‘कॉडमन म्हणजे ऑस्टिओसार्कोमा’ हे डोक्यातून काढा. पेरिऑस्टियम झपाट्यानं उचललं गेलं की त्रिकोण दिसतो, मग उचलणारा ट्यूमर असो की ऑस्टिओमायलायटिसचा पू. कांद्यासारखे पापुद्रेही इन्फेक्शनमध्ये दिसतात. त्यामुळे ‘अ‍ॅग्रेसिव्ह’ हा शब्द वेगाबद्दल आहे, कॅन्सरबद्दल नाही. मी ताप आणि सीआरपी विचारल्याशिवाय पुढे जात नाही. पेरिऑस्टियमनं रचलेला नव्या हाडाचा थर जाड, सलग, एकसंध असेल तर मात्र काम सावकाश चाललंय असं समजा.

पांढरी किनार नाही म्हणून घाबरू नका. जायंट सेल ट्यूमरला ती बहुधा नसते, तरी कड रेखीव असू शकते.

चाळिशीनंतर उलटं. मेटास्टॅसिस आणि मायलोमाही स्वच्छ कडेचे दिसतात, तेव्हा नुसत्या कडेवर विसंबू नका.

आणि ‘सिस्टच आहे, खरवडून टाकू’ ही घाई मला सहन होत नाही. शंका असेल तर आधी एमआरआय, मग बायोप्सी, तीही शेवटचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनच्या सल्ल्यानंच. कारण सुई ज्या वाटेनं गेली ती वाटही बहुतेक वेळा गाठीबरोबर काढावी लागते.