संत्र्यावरचं पुस्तक शोधात सापडावं म्हणून: शीर्षक पक्कं करण्याआधीची तयारी

समजा, काटोल-नरखेड पट्ट्यातल्या बागायतदारांसाठी संत्र्याच्या फळगळीवर पुस्तक तयार आहे आणि नाव सुचलंय ‘केशरी सोनं’. ते सर्चमध्ये टाकून बघा. केशर आणि सोन्याचे भाव शोधणाऱ्यांच्या गर्दीत बागायतदाराचं पुस्तक कुठून सापडणार? नाव मनापासून आवडत असेल तर आत एखाद्या प्रकरणाला द्या. मुखपृष्ठावर मात्र ज्या शब्दानं माणूस शोधतो तोच शब्द हवा.

म्हणून आधी वाचकाचे शब्द गोळा करा. ब्राउझरची खाजगी खिडकी उघडा, म्हणजे तुमच्या जुन्या शोधांचा परिणाम कमी होईल. ‘संत्रा’ लिहून एक जागा सोडा आणि खाली येणाऱ्या सूचना वहीत उतरवा. मग ‘संत्रा फळ’, ‘संत्रा बाग’, ‘संत्रा बगीचा’ असं एकेक करत जा. हेच पुस्तकं विकणाऱ्या साइटच्या शोधपेटीतही करा, कारण तिथे माणूस विकत घ्यायला आलेला असतो. दोन शब्दांत अडलात तर trends.google.com वर महाराष्ट्र निवडून त्यांची तुलना करा. शोध फारच थोडे असतील तर तिथे आलेखच दिसत नाही. अशा वेळी कळमना मार्केटमध्ये माल घेऊन आलेले लोक काय म्हणतात, त्यावर जा.

आता मराठीची खरी अडचण. विभक्ती लागली की शब्दाचं रूपच बदलतं: ‘संत्रा’चं ‘संत्र्याची’ होतं, आणि ‘त्रा’ची अक्षरं ‘संत्र्या’त सलग उरत नाहीत. गूगल अशी रूपं बरेचदा जुळवून घेतं, पण लहान पुस्तकविक्रेत्यांच्या शोधपेटीवर तेवढा भरवसा ठेवू नका. म्हणून मुख्य शब्द मूळ रूपात ठेवा. ‘संत्र्याच्या फळांची गळ’ वाचायला गोड आहे, तरी ‘संत्रा फळगळ’ हेच शीर्षक घ्या. मग उपशीर्षक: ‘आंबिया आणि मृग बहारातील कारणे, ओळख व उपाय’. शीर्षकानं विषय सांगितला, उपशीर्षकानं कोणत्या बहाराचं आणि काय मिळणार ते. डिंक्या, कोळशी, पाणी, खत असं सगळं त्यात कोंबू नका. उपशीर्षकातल्या प्रत्येक शब्दाला पुस्तकात निदान एक प्रकरण असलं पाहिजे, नाहीतर त्या शब्दावरून आलेला वाचक फसवणूक झाल्यासारखा परत जाईल. स्वतः पुस्तक प्रकाशित करायच्या अ‍ॅमेझॉनच्या केडीपी सेवेवर शीर्षक आणि उपशीर्षक मिळून 200 अक्षरांची मर्यादा आहे, पण तिथवर जायचं कारण नाही. फोनवर लांब नाव मध्येच तुटतं, तेव्हा ‘संत्रा’ आणि ‘फळगळ’ अगदी सुरुवातीलाच हवेत.

बाकीची रूपं वाया घालवायची नाहीत. ‘अंबिया’, हिंदीतलं ‘संतरा’, रोमन लिपीतलं `santra falgal` ही सगळी वर्णनात किंवा कीवर्डच्या रकान्यांत जातात. केडीपीवर असे सात रकाने मिळतात. शीर्षकात आधीच असलेला शब्द तिथे पुन्हा भरू नका.

यानंतरची तपासणी बहुतेक जण विसरतात, आणि पुस्तक गायब होतं ते इथेच. अक्षरजुळणी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये झाली असेल तर त्या फाइलीतून उचललेलं नाव फॉर्ममध्ये इंग्रजी अक्षरांचा कचरा म्हणून उतरतं. तो दिसतो तरी. न दिसणाऱ्या चुका जास्त छळतात. उपशीर्षकाआधी कोलनऐवजी विसर्ग पडला, तर ‘फळगळः’ हा वेगळाच शब्द होतो. ‘शेतकऱ्यांसाठी’ उपशीर्षकात घेतलंत तर त्यातला ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी टाइप होतो, आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आतले युनिकोड क्रमांक मात्र वेगळे असतात:

```
U+0931 U+094D U+092F
U+0930 U+094D U+200D U+092F
```

ओळखायचं असं: फाइलीतलं नाव साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा, Ctrl+F दाबा आणि तोच शब्द तुमच्या फोनवरून टाइप करून पाठवलेल्या मजकुरातून आणून शोधा. सापडला नाही तर नाव युनिकोडमध्ये नव्यानं टाइप करा.

हे सगळं आयएसबीएनच्या अर्जाआधी उरका. भारतात हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून विनामूल्य मिळतो, पण नंतर शीर्षक किंवा उपशीर्षक बदललं तर नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि छापलेली मुखपृष्ठं वाया जातात. ठरलेलं नाव एका साध्या मजकूर फाइलीत ठेवा. अर्ज, मुखपृष्ठ, आतलं शीर्षकपान आणि विक्रीची नोंद या चारही ठिकाणी तिथूनच कॉपी करा. हातानं पुन्हा टाइप करू नका.