पूर्ण झालेल्या प्रकल्पावर मार्गदर्शकांचा अभिप्राय मागण्यापूर्वीची तयारी

वाळवा तालुक्यातील आमच्या २० गुंठे उसावर मी एक हंगामभर ठिबकचा एक छोटा प्रकल्प चालवला. जमिनीतील सेन्सर ओल मोजतो, ठरवलेल्या पातळीपेक्षा ओल कमी झाली की व्हॉल्व्ह उघडतो आणि ती भरून आली की बंद होतो, एवढीच त्याची रचना होती. काम संपल्यावर मी माझ्या मार्गदर्शकांना, जे एका साखर कारखान्याच्या शेतकी विभागात अधिकारी आहेत, ४२ पानांचा अहवाल पाठवला आणि सोबत लिहिले, “सर, कृपया सवडीने पाहून अभिप्राय द्यावा.” नऊ दिवसांनी उत्तर आले, “छान आहे. चालू ठेव.” त्यात सरांची काहीच चूक नव्हती, कारण मी त्यांना काय विचारले होते हे माझे मलाच सांगता आले नसते. पुढच्या वेळी जी तयारी केली, ती येथे त्याच क्रमाने लिहीत आहे.

सर्वप्रथम कागदावर हे लिहून काढावे की सरांचे उत्तर आल्यावर आपण नेमके काय बदलणार आहोत. प्रकल्प पूर्ण झालेला असल्यामुळे बऱ्याच गोष्टी आता बदलता येत नाहीत, आणि त्यांवर मत मागणे म्हणजे त्यांचा वेळ घेऊन तो वाया घालवणे होय. माझा सेन्सर कोणत्या बनावटीचा घ्यावा हा प्रश्न संपलेला होता; पण पुढच्या हंगामात तो किती ठिकाणी बसवायचा आणि शेजारच्या शेतात ही व्यवस्था न्यायची की नाही, हे दोन निर्णय अजून माझ्या हातात होते. जो प्रश्न अशा एखाद्या निर्णयाला जाऊन भिडत नाही, तो यादीतून काढावा.

त्यानंतर उरलेल्या प्रश्नांपैकी स्वतः तपासून उत्तर मिळवता येणारे प्रश्न वेगळे करावेत. “सेन्सरचा आकडा बरोबर आहे का?” हा माझा पहिला प्रश्न होता, आणि तो सरांना विचारण्याचा नव्हताच. सेन्सरजवळची माती काढून वजन करायची, ती १०५ अंश सेल्सिअसला २४ तास भट्टीत वाळवून पुन्हा वजन करायचे आणि दोन वजनांतील फरकावरून काढलेली ओल सेन्सरच्या आकड्याशी ताडून पाहायची, हे काम मी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत स्वतः करू शकत होतो. हा ताळा केल्याने प्रश्न तर कमी झालाच, शिवाय सरांना पाठवायच्या पानावर एक विश्वासार्ह ओळ मिळाली. या पायरीला मी सर्वात जास्त वेळ दिला, आणि तो योग्य ठिकाणी खर्च झाला असे मला वाटते.

आता ते पान. ४२ पानांचा अहवाल मागितल्यास देण्यासाठी जवळ ठेवावा, पण पाठवावे एकच पान: जमीन कोणती, क्षेत्र किती, काय केले, काय मोजले आणि एक आलेख. सर ते पान बहुधा शेतावरून परतताना फोनवर पाहतील असे धरून अक्षरे मोठी ठेवावीत आणि आलेखावर दोनपेक्षा जास्त रेषा नसाव्यात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवल्यास चित्र दाबले जाते आणि आलेखावरील आकडे पुसट होतात, म्हणून पान पीडीएफ करून डॉक्युमेंट म्हणूनच पाठवावे. फाइलच्या नावात आपले नाव आणि विषय असावा. “फायनल” नावाच्या फाइली सरांच्या फोनमध्ये आधीच पुष्कळ असतात.

प्रश्न मात्र पानात ठेवू नयेत, संदेशातच लिहावेत, म्हणजे उत्तर देण्यासाठी फाइल उघडण्याचीही सक्ती राहत नाही. तीनपेक्षा जास्त प्रश्न विचारू नयेत. प्रत्येकाला क्रमांक द्यावा आणि प्रत्येकापुढे आपले स्वतःचे उत्तर लिहावे. हे शेवटचे अनेकांना उद्धटपणाचे वाटते, मलाही वाटले होते. परंतु आपले मत समोर असले की जाणत्या माणसाला ते फक्त मान्य किंवा अमान्य करायचे असते, आणि कोरा प्रश्न समोर आला की त्याला सगळा विचार पहिल्यापासून करावा लागतो. मी शेवटी पाठवलेला संदेश असा होता:

“सर, नमस्कार. ठिबकचा प्रकल्प पूर्ण झाला असून अहवाल महाविद्यालयात दिला आहे. त्यात आता बदल होणार नाही. पुढच्या हंगामासाठी तीन गोष्टी आपल्याला विचारायच्या आहेत. १) सेन्सर कोरडे दाखवत राहिला तरी व्हॉल्व्ह दोन तासांनी बंद करावा, असे माझे मत आहे. हो की नाही? २) २० गुंठ्यांना मधोमध एकच सेन्सर पुरेल, असे मला वाटते. हो की नाही? ३) शेजारच्या क्षारपड शेतात हीच व्यवस्था यंदाच बसवावी, असा विचार आहे. यंदा की पुढच्या वर्षी? केवळ क्रमांक आणि एक शब्द लिहिला तरी मला पुरेल. बोलून पाठवणे सोयीचे असेल तर तसेही चालेल. पाइपची खरेदी २५ तारखेला करायची आहे, त्याआधी कळल्यास उपयोग होईल. एका पानाचा सारांश सोबत जोडला आहे.”

वेळेचाही विचार आधी करावा. गळीत हंगाम सुरू झाला की शेतकी विभागातील माणसाला तोडणी आणि वाहतुकीपुढे दुसरे काही सुचत नाही, म्हणून मी सप्टेंबरमध्येच संदेश पाठवला. मुदत सांगताना तिचे खरे कारणही सांगावे. कारण नसलेली तारीख हुकूम वाटते. मुदतीच्या तीन दिवस आधी एकदाच आठवण करावी, आणि तीही नव्या प्रश्नाशिवाय.

चौथ्या दिवशी सरांचे उत्तर आले: “१ हो. २ नाही, काळ्या रानातल्या भेगा बघ. ३ पुढच्या वर्षी, क्षारानं आकडा फसवेल.” एवढ्या उत्तराने माझे दोन निर्णय बदलले. त्याच आठवड्यात शेतात जाऊन पाहिले, तर माती सुकून आक्रसल्याने सेन्सरच्या एका बाजूला भेग पडली होती. मातीऐवजी हवा लागत असल्यामुळे तो आजूबाजूला ओल असतानाही कोरडे दाखवत होता आणि व्हॉल्व्ह गरजेपेक्षा जास्त वेळ उघडा राहत होता. क्षारपड जमिनीत चूक उलट्या दिशेने होते, हे सरांच्या तिसऱ्या उत्तरामुळे मी शोधून वाचले: क्षारांमुळे असा सेन्सर प्रत्यक्षापेक्षा जास्त ओल दाखवू शकतो आणि पीक तहानलेले राहते.

उत्तर मिळाल्यावर लगेच नवे प्रश्न पाठवू नयेत. मी त्या दिवशी केवळ आभार मानले आणि पाइपची खरेदी झाल्यावर दोन ओळी कळवल्या: “सर, तीन ठिकाणी सेन्सर बसवत आहे, भेगांपासून दूर आणि माती दाबून. शेजारचे शेत यंदा घेत नाही.” त्यावर सरांनी स्वतःहून लिहिले, “तोडणी संपली की रान बघायला येतो.”